भेंडीचा हळद्या आणि दर चार दिवसांची फवारणी

फिरत असलेला मेसेज असा आहे: "भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या म्हणजे लोह-मॅग्नेशियम कमी. फेरस सल्फेट आणि मॅग्नेशियम मारा. सोबत पांढऱ्या माशीचं औषध दर चार दिवसांनी आलटून-पालटून सुरू ठेवा, आठ दिवसांत शेत हिरवं होतं. तरी नाही झालं तर बियाणं बोगस, रोग बियाण्यातूनच आलाय. आंबट ताक फवारलं तर व्हायरस मरतो."

आधी पान हातात घ्या आणि उजेडाकडे धरून बघा. लोह कमी पडलं की शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो, तोही शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून. मॅग्नेशियम कमी असेल तरी पिवळेपणा शिरांच्या मधेच असतो, फक्त सुरुवात खालच्या जुन्या पानांवर होते. हळद्या हा विषाणूचा रोग आहे, त्यात नेमकं उलटं दिसतं. आधी बारीक शिरा पिवळ्या होतात, मग जाड शिरा, आणि पानावर पिवळ्या धाग्यांची जाळी विणल्यासारखी दिसते. जाळीच्या आतले तुकडे सुरुवातीला चांगले हिरवेगार असतात. पुढची नवी पानं लहान येतात, हळूहळू सगळं पान पिवळं पडतं, फळं पिवळसर, आखूड आणि निबर लागतात. म्हणजे दोन्हीकडे पिवळं-हिरवं असलं तरी कुठे पिवळं आणि कुठे हिरवं, एवढ्यावरच निदान होतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरी खूण शेतभर नजर टाकल्यावर मिळते. कमतरता जमिनीच्या पट्ट्यांप्रमाणे येते: चुनखडीचा भाग, पाणी साचणारी सरी, अशा जागी सलग झाडं फिकी दिसतात. हळद्यात पूर्ण पिवळ्या झाडाला लागून ठणठणीत हिरवं झाड उभं असतं. फेरस सल्फेट मारल्यावर शेत थोडं गडद दिसतं हे खरं, कारण निरोगी पानं गडद होतात. पण त्याच रोगट झाडाची नवी फूट पाहा. ती पिवळी जाळी घेऊनच येते, कारण विषाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांतून सगळीकडे पोचलेला असतो. लागलेलं झाड बरं करणारं औषध आज नाही. खताचं नाही, कीटकनाशकाचं नाही आणि ताकाचंही नाही.

ताकाचं एवढ्यात उरकतो. दूध-ताकाचा वापर ज्या विषाणूंसाठी सांगितला जातो ते हाताला, अवजाराला रस लागून पसरणारे असतात. भेंडीचा हा विषाणू तसा पसरत नाही. रोगट झाड हाताळून तोच हात निरोगी झाडाला लावला तरी काही होत नाही. तो जातो पांढऱ्या माशीच्या सोंडेतून, थेट अन्नवाहिनीत. पानावरचं ताक तिथवर पोचत नाही.

आता खरा मुद्दा, दर चार दिवसांच्या फवारणीचा. इथे मेसेज अर्धा बरोबर असल्यामुळेच जास्त नुकसान करतो. माशीच रोग पसरवते, आणि औषधाने माश्या मरतातही. मग शेत पिवळं होत का जातं?

माशीचं गणित असं आहे. रोगट झाडावर बसून ती रस शोषते तेव्हा विषाणू तिच्या पोटात जातो. तिथून तो लाळग्रंथीत पोचेपर्यंत काही तास ते एखादा दिवस जातो. त्यानंतर ती माशी मरेपर्यंत रोग देऊ शकते. निरोगी झाडाला रोग लावायला तिला तिथे मुक्काम करावा लागत नाही, थोडा वेळ नीट रस शोषला की पुरे. औषध फवारलेल्या पानावर बसलेली माशी मरते, पण बऱ्याचदा आपलं काम करून मरते. शेजारच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या भेंडीतून रोज नव्या माश्या उडून येत असतील तर तुमची फवारणी फक्त तुमच्या शेतात जन्मलेल्या माश्यांचा हिशेब चुकता करते. बाहेरून आलेल्यांचा नाही.

शिवाय उडणारी माशी हा तिच्या आयुष्याचा एकच टप्पा आहे. अंडी, पिल्लं आणि कोष पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेले असतात. वरून धूर काढल्यासारखी फवारणी केली तर तिथे थेंबही पोचत नाही. त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं वारंवार मारली की माशी खाणारे मित्रकीटक आधी संपतात आणि पंधरा दिवसांनी माशी पहिल्यापेक्षा जास्त दिसते. "औषध मारल्यापासून माशी वाढली" हे शेतकऱ्याचं बोलणं दुकानदार हसण्यावारी नेतो, पण ते अगदी खरं असतं. आणि भेंडी एक-दोन दिवसांआड तोडायची असते. लेबलवर फवारणी आणि तोडणी यांत जेवढे दिवस थांबायला सांगितलेलं असतं, ते दर चार दिवसांच्या वेळापत्रकात पाळणं अवघड आहे. त्याची किंमत भेंडी खाणारा मोजतो.

सगळ्यांत मोठी फसगत तारखांची होते. एक एकराचं शेत धरा, ४५ × ३० सेंटीमीटरवर टोकलेलं, म्हणजे सुमारे तीस हजार झाडं. उगवून बारा दिवस झाले तेव्हा बांधाकडून माश्या आल्या. लागण त्या दिवशी झाली, पण झाडावर काहीच दिसलं नाही. पंचविसाव्या दिवशी बांधालगतच्या चार सऱ्यांत पंचवीस-तीस झाडांच्या शिरा पिवळ्या दिसल्या. त्याच दिवशी चांगली फवारणी झाली, समजा माशी जवळपास संपली. तरीही तिसाव्या दिवशी आणखी शंभर झाडं पिवळी दिसणार, कारण त्यांना लागण अठराव्या-विसाव्या दिवशीच झाली होती. शेतकरी म्हणतो औषध लागू पडलं नाही, आणि दुसरं, जास्त कडक औषध आणतो. पस्तिसाव्या दिवशी पुन्हा तेच. लागण झाल्यापासून लक्षण दिसायला साधारण दहा ते वीस दिवस जातात. म्हणून आज मारलेल्या औषधाचा निकाल पुढच्या आठवड्यातल्या पिवळ्या झाडांवरून लागत नाही, तो दोन-तीन आठवड्यांनी लागतो. मधल्या काळात पाहायचं ते पानाखालच्या माश्यांकडे. सकाळी लवकर, माशी सुस्त असताना, शेताच्या चार-पाच जागी झाडाची पानं हळूच उलटून बघा. माशी कमी झाली असेल तर औषधाने त्याचं काम केलं आहे, झाडं पिवळी दिसत असली तरी.

मग माशीमार्फत होणारा प्रसार आवरता येतो का? येतो, पण काही अंशी, आणि मुख्यतः पहिल्या महिन्या-दीड महिन्यात. लागण किती लवकर झाली यावर सगळं नुकसान ठरतं. उगवल्यापासून वीस दिवसांच्या आत लागण झालेलं झाड जवळजवळ काहीच देत नाही. दोन महिने उलटल्यावर लागलेलं झाड साधारण निम्मं उत्पन्न देऊन जातं. म्हणजे रोग कायमचा अडवणं जमलं नाही तरी तो महिनाभर पुढे ढकलला तर पैसे हातात येतात. मेसेजची फवारणी सुरू होते शिरा पिवळ्या झाल्यावर, तेव्हा हा महत्त्वाचा काळ बहुतेक संपत आलेला असतो.

त्या काळासाठी करायचं ते पेरणीच्या आधीपासून. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड ४८ टक्के एफएस किलोला ५ ते ९ मिली किंवा थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस सुमारे ५.७ ग्रॅम चोळलं तर पहिले तीन-चार आठवडे रोपाच्या रसातच औषध असतं. बाजारातलं बरंच बियाणं असं चोळलेलंच येतं, पाकीट वाचून घ्या, दुप्पट करू नका. त्यानंतर त्याच गटाचं औषध पहिल्या फवारणीत नको. निंबोळी अर्क ५ टक्के लवकर सुरू करायचा, आणि माशी वाढलीच तर भेंडीसाठी लेबलवर असलेलं वेगळ्या गटाचं औषध, नोझल खालून वर धरून. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीवर लावा, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. माशी कधी आणि कोणत्या बांधाकडून येते ते कळण्यासाठी ते आहेत. शेताभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी भेंडीच्या आधी पेरलेल्या असतील तर आत येणाऱ्या माश्या थोड्या अडतात.

वरच्या उदाहरणातली पंचवीस-तीस झाडं दिसली त्या दिवशी काढायची. तीस हजारांत तेवढी गेल्याने काही बिघडत नाही. पण पद्धत महत्त्वाची. झाड उपटून खांद्यावर टाकून शेतातून नेलं तर त्यावरच्या माश्या वाटेत उडतात, आणि त्याच सगळ्यांत धोकादायक असतात. पहाटे आधी त्या झाडांवर आणि आजूबाजूच्या दोन हातांत फवारा, मग उपटून जागेवरच पोत्यात भरा, तोंड बांधून बाहेर न्या. दोन महिन्यांच्या पिकात निम्मं शेत पिवळं असेल तर मात्र उपटायच्या फंदात पडू नका. तिथे तोडा घेत राहायचं आणि औषधाचा खर्च थांबवायचा.

राहिलं बियाणं. शेतात दिसणारा हा रोग बियाण्यातून आलेला नसतो, माशीने आणलेला असतो. बियाण्यातून आला असता तर उगवणीपासूनच शेतभर विखुरलेली पिवळी रोपं दिसली असती, बांधाकडून आत सरकणारा पट्टा दिसला नसता. पण जात महत्त्वाची आहे, आणि इथे "बोगस" म्हणणाऱ्याच्या तक्रारीत थोडं तथ्य सापडतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी १९६० च्या आसपास आली तेव्हा ती हळद्याला दाद देत नव्हती. काही वर्षांत तिचा प्रतिकार ढासळला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा जंगली भेंडीशी संकर करून परभणी क्रांती दिली, बंगळूरहून अर्का अनामिका आली. त्यांचंही पुढे अनेक ठिकाणी तेच झालं. विषाणू बदलतो, एकाच झाडात दोन विषाणूंची सरमिसळ होते, आणि काल टिकणारी जात आज पिवळी पडते. म्हणून पाकिटावरचं "प्रतिकारक" हे विशेषण किती जुनं आहे ते विचारा, गावातल्या गेल्या हंगामातल्या शेतांवर ती जात कशी उभी होती ते बघा. संकरित वाणाच्या भेंडीतून धरलेलं घरचं बी मात्र पेरू नका. पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, काही प्रतिकार धरतात, काही पहिल्या माशीला बळी पडतात, आणि ती बळी पडलेली झाडंच बाकी शेताला रोग पुरवतात.

नवी लागवड करताना आणखी एक गोष्ट तपासा. जुनी भेंडी संपत आली की "चार किलो निघतात, राहू दे" म्हणून उभी ठेवली जाते आणि तिच्याच शेजारी नवीन टोकली जाते. बांधावर रानभेंडी आणि त्याच कुळातली तणंही असतात. नवीन टोकण्याच्या दोन आठवडे आधी ते जुनं पीक फवारून, उपटून, गाडून टाका आणि बांध साफ करा. ते झालं नाही तर बियाण्याला काय चोळलं आणि किती वेळा फवारलं याने फारसा फरक पडत नाही.