तपशील उघडू नका, डोळ्यांना त्रास होतो

मोबाइलचं पोस्टपेड बिल महिन्याच्या भाड्याच्या पाचपट आलं, तर आधी घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडा. मग ग्राहकसेवेला फोन लावा, वीस मिनिटं संगीत ऐका आणि माणूस लाइनवर आला की त्याला फक्त एकच वाक्य ऐकवा: "माझं बिल इतकं येऊच शकत नाही!" तो विचारेल, "सर, कुठल्या नोंदीबद्दल तक्रार आहे?" इथे अजिबात उत्तर देऊ नका. सगळ्याच नोंदींबद्दल आहे म्हणा. त्याच्यासमोरच्या चौकटीत "ग्राहक बिलाच्या रकमेबाबत नाराज" एवढं लिहिलं जाईल, दोन दिवसांनी "बिल तपासले, बरोबर आहे" असा संदेश येईल आणि तक्रार बंद होईल. शेवटी नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची धमकी द्या. थकबाकी असताना नंबर हलत नाही, हे त्यालाही माहीत असतं. पण धमकी दिल्यावर आपल्याला बरं वाटतं, आणि तेच महत्त्वाचं.

बिलासोबत तपशिलाची एक फाइल येते, ती मात्र उघडू नका. माझी एकवीस पानी होती. मी ती वर्षानुवर्षं न उघडता सुखात होतो. मग परदेशातून आठ दिवसांनी परतलो, बिल आलं, माझं ओरडणं ऐकून वहिनी बाहेर आल्या. त्या हिशेब तपासनीस आहेत. अशी माणसं घरात असू नयेत.

"भावोजी, आधी पहिलं पान दाखवा," त्या म्हणाल्या. पहिल्या पानावर गोषवारा असतो. त्यांनी बेरीज केली: पाच वाट्यांपैकी एक भाडं, तीन रोमिंग, अर्धा प्रीमियम मेसेज आणि अर्धा अ‍ॅड-ऑन. म्हणजे भांडण कुठल्या पानावर करायचं हे दोन मिनिटांत कळलं. माझ्या पद्धतीने चार दिवस तरी लागले असते.

रोमिंगच्या पानावर मी पुन्हा ओरडण्याची तयारी केली, कारण तिथे चौदा कॉल होते आणि मी एकही केला नव्हता. कॉल महाग पडतात म्हणून मी मुद्दाम फक्त डेटाचा पॅक घेतला होता आणि फोन सायलेंटवर टाकून उशाशी ठेवत होतो. तुम्हीही असंच करा. फोन बंद करू नका, फ्लाइट मोडवर टाकू नका, फक्त सायलेंट ठेवा. कंपनीच्या दृष्टीने याहून चांगली झोप नाही.

वहिनींनी मात्र पट्टी घेतली आणि ओळींखाली धरून खाली सरकवत नेली. मग म्हणाल्या, "चौदा नाहीत हो, सात जोड्या आहेत." पाहिलं तर खरंच. पहाटे ३:१२ वाजता आलेला एक कॉल, ३४ सेकंद. त्याच्या लगेच खाली ३:१२ लाच केलेला एक कॉल, तोही ३४ सेकंद, आपल्या देशातल्या एका नंबरवर. वेळ तीच आणि सेकंदही तितकेच. दोन्ही ओळींच्या आकारणीच्या रकान्यात मात्र एकेक मिनिट, कारण मिनिटाचा तुकडा पूर्ण मिनिट धरला जातो. तो अनोळखी नंबर आम्ही लावून पाहिला, तर माझ्याच व्हॉइसमेलचा निघाला.

घडलं असं होतं. मायदेशातून कुणी मला फोन केला, कॉल समुद्र ओलांडून परदेशी नेटवर्कवर आला, उशाशी वाजला (म्हणजे वाजला नाही, सायलेंट होता) आणि मी उचलला नाही. फोनमध्ये "न उचलल्यास व्हॉइसमेलकडे वळवा" अशी जुनी सेटिंग होती, म्हणून तो कॉल आल्या पावली समुद्र ओलांडून परत व्हॉइसमेलकडे गेला. येण्याचे पैसे माझे, कारण रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलची आकारणी होती. जाण्याचेही माझे, कारण परदेशातून मायदेशी कॉल वळवणारा मीच. फोन करणाऱ्याने ३४ सेकंद माझं "संदेश ठेवा" ऐकलं, मी घोरत होतो, आणि दोन आंतरराष्ट्रीय मिनिटं खपली. सात रात्री, सात जोड्या, चौदा मिनिटं.

यातली गंमत अशी की फोन पूर्ण बंद असता, तर हा फेरा झालाच नसता. फोन कुठल्याही नेटवर्कवर नोंदलेला नसला की घरचं नेटवर्कच कॉल व्हॉइसमेलकडे वळवतं, तो परदेशात येतच नाही. भुर्दंड बसतो तो फोन चालू असून न उचलल्यावर किंवा दुसऱ्या कॉलवर असताना. (नव्या फोरजी रोमिंगमध्ये काही ठिकाणी कॉल घरच्याच यंत्रणेतून हाताळला जातो आणि हा प्रकार होत नाही. पण त्या भरवशावर झोपणं तुमच्या हिमतीवर.) निघण्यापूर्वी `*#61#` लावलं की न उचललेले कॉल कुठे वळतात ते पडद्यावर दिसतं, आणि `##004#` लावलं की अशा सगळ्या अटींच्या वळवण्या रद्द होतात. दहा सेकंदांचं काम आहे. चुकूनही करू नका.

मी तरीही एक मुद्दा शोधून काढला. "वहिनी, हे खोटं आहे! माझ्या फोनच्या यादीत ३:१२ चा मिस्ड कॉलच नाही, ८:४२ चा आहे." मला वाटलं खटला जिंकला. त्यांनी सातही कॉलच्या वेळा शेजारी-शेजारी लिहिल्या. प्रत्येकात बरोबर साडेपाच तासांचा फरक. बिलात वेळ तिथल्या घड्याळाची होती, आणि फोनने परत आल्यावर सगळी यादी इथल्या घड्याळात बदलून घेतली होती. फरक सगळीकडे सारखा असला तर ते फक्त घड्याळ असतं. एखाद्याच ओळीत वेगळा निघाला असता, तर ती ओळ तक्रारीच्या कामाची होती. हे ऐकून माझा उत्साह मावळला. तुम्ही मात्र "वेळ जुळत नाही" या मुद्द्यावरच तक्रार करा. कंपनी एका वाक्यात उत्तर देईल आणि तुमचे खरे मुद्देही त्यासोबत वाहून जातील.

तसाच दुसरा सापळा अ‍ॅड-ऑनच्या पानावर होता. हँडसेटच्या विम्याची आकारणी दोनदा दिसत होती, एकदा लहान आणि एकदा मोठी. मी टेबलावर मूठ आपटली. वहिनींनी दोन्ही ओळींचा कालावधी वाचला: लहान रक्कम मागच्या महिन्यातल्या उरलेल्या अकरा दिवसांची, मोठी पुढच्या पूर्ण महिन्याची, कारण भाडं आगाऊ घेतात. महिन्याच्या मध्ये काही सुरू केलं की पहिल्या बिलात असं जोडीने येतं. आणि ते मीच सुरू केलं होतं, नवा फोन घेताना, "पहिला महिना मोफत" शेजारच्या चौकटीत खूण करून. अर्धा वाटा तिथेच कायमचा गेला.

आता प्रीमियम मेसेज. तिथे एका पाच आकडी नंबरचे चार संदेश होते, दर सात दिवसांनी एक. मी म्हटलं, "मी कधी मेसेज पाठवलाच नाही, मग पैसे कसले?" तर इथे पाठवण्याचे नाहीत, मिळाल्याचे पैसे असतात. वर्गणी एकदा सुरू झाली की संदेश येतो आणि येताच आकारणी होते. जाहिरात समजून आपण तो न वाचता पुसतो, तरी पैसे द्यावेच लागतात. वहिनींनी मागची बिलं काढायला लावली. तीन महिन्यांपासून दर आठवड्याला हजेरी होती, पण मी गोषवारा कधी उघडलाच नव्हता, म्हणून ती नजरेत भरत नव्हती. रोमिंगने बिल फुगवलं नसतं, तर ही वर्गणी माझ्या सेवानिवृत्तीपर्यंत चालली असती.

अशा वेळी STOP पाठवून गप्प बसण्याचा सल्ला लोक देतात. तो जरूर पाळा. पुढचे संदेश बहुतेक थांबतील, आणि मागचे पैसे ज्याला मिळाले त्याच्याकडे सुखाने राहतील. वहिनींनी त्याऐवजी कंपनीला लेखी विचारलं: ही वर्गणी कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कशातून सुरू झाली, मेसेजमधून की एखाद्या पानावर बटण दाबून, आणि माझ्या संमतीची नोंद कुठे आहे? नंबरवर प्रीमियम सेवा कायमच्या बंद करायलाही सांगितलं. "मी हे मागितलं नव्हतं" असं म्हटलं की सिद्ध आपल्याला करावं लागतं. "मी मागितल्याची नोंद दाखवा" म्हटलं की शोधाशोध त्यांना करावी लागते.

पत्र जेमतेम एका पानाचं झालं. बिल क्रमांक, वादातल्या ओळींचे पान आणि अनुक्रमांक, प्रत्येकीबद्दल एक वाक्य. प्रीमियमच्या ओळी: संमती नाही, तीन महिन्यांचे पैसे परत द्या. रोमिंगच्या सात जोड्या: दरपत्रकात अशी दुहेरी आकारणी कुठे लिहिली आहे ते दाखवा, पॅक विकताना ती सांगितली नव्हती, तेव्हा सवलत द्या. दोन्हींची भाषा मुद्दाम वेगळी, कारण पहिल्यात कंपनी चुकलेली असण्याची शक्यता होती आणि दुसरी बहुधा नियमात बसत होती. मला दोन्हीकडे "लूट" हा शब्द हवा होता. तो काढला गेला.

भरणा तुम्ही माझ्या जुन्या रिवाजानेच करा: एक तर सगळं बिल भरून मग भांडा, नाहीतर काहीच न भरता भांडा. पहिल्यात तक्रारीची घाई कंपनीला उरत नाही, दुसऱ्यात तुमची सेवाच बंद होते. वहिनींनी मुदतीच्या आत वाद नसलेले दीड वाटे भरले, उरलेल्या रकमेवर निकालापर्यंत विलंब शुल्क लावू नये हे लेखी मान्य करून घेतलं, तक्रार क्रमांक लिहून ठेवला. त्याआधी खात्यातून आपोआप वळते होणारे पैसे थांबवले, नाहीतर आमचं पत्र पोचेपर्यंत पाचही वाटे गेले असते.

उत्तर बाराव्या दिवशी आलं. संमतीची नोंद सापडली नाही, प्रीमियमचे तिन्ही महिन्यांचे पैसे पुढच्या बिलात जमा. रोमिंगची दुहेरी आकारणी दरपत्रकात बारीक अक्षरात होती. तरी "केवळ या एका वेळेसाठी" निम्मी माफ. विमा चालू आहे, कारण तो बंद करायला एक फोन करावा लागतो आणि मला पुन्हा ते संगीत ऐकायचं नाही.

सगळं झाल्यावर वहिनींना सुचलं की एवढे पैसे ज्या संदेशांना पडले, ते ऐकावेत तरी. सहांमध्ये श्वासाचा आवाज आणि खट्. सातव्यात एक गोड, ध्वनिमुद्रित बाई बोलत होत्या, आमच्याच कंपनीच्या: "आपण परदेशात आहात असे दिसते. निश्चिंतपणे बोलण्यासाठी आजच आमचा रोमिंग कॉल पॅक घ्या." ३४ सेकंद, जाण्यायेण्याची दोन मिनिटं.