विस्तवाची अंघोळ

अण्णांना पोचवून परतलो तेव्हा त्यांच्या दारात बादली, कडुनिंबाचा डहाळा आणि घमेल्यात निखारे होते. पाय धुतले, पाला चावला, हात शेकले. घरी जाऊन अंघोळ, आणि नऊला नेहमीसारखे कट्ट्यावर. जिभेवरचा कडूपणा अजून गेला नव्हता.

मंद्या सुरू झालाच. "सगळं सायन्स आहे रे! पाणी, विस्तव, धूप... जंतू मारायचे उपाय."

"मग गुरुवारी फकीरबाबा तुझ्या गल्ल्यावर लोबान फिरवतो," सुध्या म्हणाला, "तेव्हा कुठला जंतू मरतो? उधारीचा?"

"उधारीचं तू बोलू नकोस, गणपतीची वर्गणी दे आधी."

सुध्याने ते कानाआड केलं. त्याने बारा वर्षं एका पारशी शेटजींकडे काम केलंय. "आपण प्रेत अग्नीला देतो. पारशी देत नाहीत, कारण त्यांच्या लेखी अग्नी विटाळतो. त्यांचे पुजारी, दस्तूर, तोंडाला पांढरं फडकं बांधतात ते आगीला श्वास लागू नये म्हणून. आता सांग, जंतू कुणाचे कुणाला?"

मंद्या गप्प.

"आणि गंमत ऐक. गुजरातेत उदवाड्याला आतशबेहराम आहे, पारशांचा सगळ्यात पवित्र अग्नी. तसा अग्नी बसवायचा तर सोळा ठिकाणचा विस्तव लागतो. कुंभाराचा, सोनाराचा, वीज पडून लागलेला, आणि चितेचासुद्धा! तो तसाच नाही घेत. भोकं पाडलेल्या पळीत चंदनाचा भुगा घालून ज्वाळेच्या वर, न टेकवता धरायचा. नुसत्या धगीने भुगा पेटला की ती नवी आग. तिच्यावर पुन्हा पळी. चितेच्या आगीला हे 91 वेळा करतात. विस्तवाला विस्तवाचीच अंघोळ."

मला ते फार आवडलं. चितेची आग टाकून न देता, एवढे कष्ट घेऊन तिला देवघरात आणायची.

"म्हणजे आपल्या पुण्याहवाचनासारखंच," बापू म्हणाला. "तिथेही आधी कलशातल्या पाण्यात वरुण बोलवायचा, मग ते पाणी शिंपडायचं. नळाचं तसंच नाही चालत."

"हो, पण पाणी धुण्याचा दुसरा नमुना महाडला आहे," सुध्याचा आवाज चढला. "20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. त्यानंतर गावाने शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या. गुरं प्यायची तेव्हा ते पाणी शुद्धच होतं! तिकडे 91 वेळा धुतात ते आत घ्यायला. इथे 108 घागरी, माणसांना बाहेर ठेवायला."

कुणी काही बोललं नाही. चहा आला. ग्लास उचलता उचलता मंद्या पुटपुटला, "पण आज पाणीच नव्हतं आमच्याकडे. मी नुसता शर्ट बदलून आलोय."

क्षणात कट्ट्याचं एक टोक रिकामं झालं. सगळ्यात आधी उठला तो सुध्या.

"अरे, तू पण?" बापू ओरडला, आणि हसता हसता त्याचाच चहा त्याच्या पायावर सांडला.

"झालं," मंद्या म्हणाला, "बापूची अंघोळ दोनदा झाली."

अण्णा असते तर सगळ्यात मोठ्याने तेच हसले असते.