रुपयात तेल घेतलं म्हणजे डॉलर संपला का?

"भारताने रशियाशी डॉलर बंद केला! तेलाचे पैसे आता रुपयात. रुपया मजबूत होणार, पेट्रोल स्वस्त होणार. रशियाकडे जितके रुपये साठतील तितका आपलाच फायदा. निर्यातदारांनो, आजपासून बिलं रुपयातच करा!"

फॅमिली ग्रुपवर हे फिरत होतं तोवर सोडून दिलं होतं. पण बेदाणा निर्यात करणारा भाचा हे वाचून पुढच्या कंटेनरचं बिल बदलायला निघाला, तेव्हा उत्तर देणं भाग पडलं.

रुपये साठण्यात फायदा आहे, हे यातलं सगळ्यात चुकीचं वाक्य. आधी व्यवहार कसा होतो ते बघा. रिझर्व्ह बँकेने 11 जुलै 2022 च्या परिपत्रकाने 'स्पेशल रुपी व्होस्ट्रो' खात्याची सोय केली. रशियन बँक आपल्याकडच्या एखाद्या बँकेत असं खातं उघडते. आपला आयातदार त्यात रुपये भरतो आणि आपल्या निर्यातदाराला त्याच खात्यातून रुपये मिळतात. तिकडे ती बँक तेल विकणाऱ्याला रुबल देते आणि बेदाणा घेणाऱ्याकडून रुबल घेते. रुपया देशाबाहेर जात नाही, रुबल इकडे येत नाही.

हे गणित बसायला दोन्ही बाजूंची खरेदी साधारण सारखी लागते. 2024-25 मध्ये आपण रशियाकडून सुमारे 64 अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला जेमतेम 5 अब्जांचा. म्हणजे खात्यात 100 रुपये भरले, तर आपल्या मालावर त्यातले आठच खर्च होतात. उरलेल्या 92 रुपयांचं त्यांनी काय करायचं? भारत सरकारचे रोखे घेता येतात, इथल्या प्रकल्पांत गुंतवता येतात. पण भांडवली व्यवहारांसाठी रुपया पूर्ण परिवर्तनीय नाही, म्हणजे तो हवा तसा दुसऱ्या चलनात बदलता येत नाही, आणि रशियाला चीनकडून यंत्रं घ्यायची असतील तर तिथला विक्रेता रुपये घेत नाही.

हा माझा तर्क नाही. मे 2023 मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह पत्रकारांसमोर बोलले होते, की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. विकणाऱ्याची अशी अडचण झाली की तो दुसरं चलन मागतो. त्या काळात बऱ्याच तेलाचे पैसे दिरहममध्ये दिले गेले, आणि दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे.

पेट्रोलचं थोडक्यात. पैसे कुठल्याही चलनात द्या, तेलाचा भाव डॉलरमध्येच ठरतो. पिंप 70 डॉलरचं आणि डॉलर 83 रुपयांना असेल तर 5,810 रुपये लागतात. डॉलर 88 ला गेला की त्याच पिंपाचे 6,160. रुपयात बिल केल्याने हे 350 रुपये वाचत नाहीत. रुपया-रुबलचा दरही बहुतेक वेळा दोन्हींच्या डॉलरच्या दरांवरूनच काढला जातो, कारण त्या दोघांचा थेट बाजार फार उथळ आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. डॉलरचे व्यवहार अमेरिकन बँकांमार्फत पुरे होतात आणि निर्बंध आले की तिथेच अडतात. रुपया-रुबलची वाट त्यातून सुटते, आणि आज आपसातले बहुतांश व्यवहार स्वतःच्या चलनांत होतात असं रशियन अधिकारीच सांगतात. सोय खरी आहे, पण त्यातून पेट्रोल स्वस्त होत नाही.

आता भाच्याच्या बिलाचं. 20 लाखांचं बिल रुपयात केलं तर 60 दिवसांनी डॉलर कुठे असेल ही त्याची काळजी मिटते आणि डॉलर बदलताना बँक जो फरक कापते तोही वाचतो. पण ती जोखीम आता रशियन ग्राहकाच्या गळ्यात पडते, आणि तो ती भावात वळती करून मागणार. शिवाय डॉलर वर गेला तर होणारा फायदाही हातचा जातो.

म्हणून माल लोड व्हायच्या आधी ग्राहकाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: त्याची बँक कोणती, आणि तिचं व्होस्ट्रो खातं भारतात कुठल्या बँकेत आहे. मग त्या भारतीय बँकेला आणि आपल्या बँकेला विचारावं की या ग्राहकाच्या बँकेचे पैसे घेता का, कारण निर्बंधांच्या यादीतल्या बँकेचं नाव दिसलं की काही बँका हात आखडता घेतात. बिल आणि कस्टम्सला द्यायचं शिपिंग बिल दोन्हींवर चलन रुपयेच हवं. सगळ्यात महत्त्वाचं, पैसे त्या व्होस्ट्रो खात्यातूनच यायला हवेत. नोव्हेंबर 2022 मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने रुपयातल्या वसुलीलाही निर्यातीच्या सवलती लागू केल्या, पण त्या याच व्यवस्थेतून आलेल्या रुपयांना. ग्राहकाने दुबईतल्या ओळखीच्या कंपनीकडून रुपये पाठवतो म्हटलं, तर बँकेचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत कंटेनर हलवू नये.