विचारा, पण कोंडीत पकडू नका

"चार वर्षांची मैत्री आहे, आता तिच्याबद्दल वेगळं वाटतं. सांगितलं आणि मैत्रीच गेली तर?"

आधी ग्रुपमधल्या कुणालाही सांगू नका. तिला ते दुसऱ्याकडून कळलं, तर नकार देणंही चारचौघांसमोरचं होऊन बसतं. वाढदिवस, सहल किंवा बाईकवरून तिला घरी सोडतानाची वेळ टाळा, कारण तिथून तिला उठून जाता येत नाही. नेहमीचा चहा संपत आला की दोन वाक्यांत सांगा: "तू मला मैत्रिणीपेक्षा जास्त आवडायला लागली आहेस. तुला तसं वाटत नसेल तर मोकळेपणाने सांग, आजच उत्तर नको." 'पहिल्या दिवसापासून' हे शब्द मात्र नकोत (सिनेमात शोभतात). ते ऐकून तिला मागची चारही वर्षं नाटक वाटू शकतात.

"बघू" म्हणून तिने विषय बदलला आणि पुढेही स्वतःहून काढला नाही, तर तो नकार समजा. पुन्हा विचारू नका. त्यानंतर तुम्हाला थोडं अंतर हवं असेल तर तेही बोलून घ्या: "दोन आठवडे रात्रीचं चॅटिंग नको, शनिवारी कट्ट्यावर भेटूच." न सांगता गप्प झालात तर ती तुमची नाराजी वाटते, आणि मैत्री बहुधा तिथेच तुटते.