नट सुटला तरी टाय रॉड एंड का सुटत नाही

टाय रॉड एंड म्हणजे स्टेअरिंगचा रॉड चाक धरून ठेवणाऱ्या नकलला जोडणारा बॉल जॉइंट. त्याच्या बॉलमधून निघणारा आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, नकलच्या आर्ममधील छिद्रात नटाने आवळलेला असतो आणि बॉलवर रबराचे आवरण, म्हणजे बूट, असते. हा जोड सोडवायच्या अवजाराला सेपरेटर म्हणतात. त्याबद्दल एक सल्ला असा दिला जातो:

«टाय रॉड एंड काढायला सेपरेटरवर पैसे घालवू नका. नट काढा, गंज सोडवणारं तेल मारा, स्टडच्या टोकावर दोन-तीन दणके द्या, आपोआप खाली पडतो. सेपरेटरने उलट रबर बूट फाटतो. अगदीच हट्टी असेल तर टॉर्चने नकल तापवा.»

या सल्ल्यातला आधी तेलाचा मुद्दा घेतो, कारण बाकीची गफलत त्यातूनच निघते. हा जोड गंजाने धरलेला असतो, असे यात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात काल बसवलेला, कोरा करकरीत टाय रॉड एंडसुद्धा आज नट काढल्यावर हाताने निघत नाही. स्टडचा नकलमध्ये बसणारा भाग निमुळता, म्हणजे टेपर, असतो आणि नकलच्या आर्मचे छिद्रही त्याच मापाने निमुळते केलेले असते. नट आवळला की स्टड पाचरेसारखा त्या छिद्रात ओढला जातो आणि तिथेच घट्ट बसतो. अनेक छोट्या गाड्यांत हा उतार एकास दहा असतो, म्हणजे दर १० मिलिमीटर लांबीला व्यास १ मिलिमीटरने घटतो. मधल्या अक्षाशी मोजला तर हा कोन ३ अंशांच्याही आत येतो. कोरड्या पोलादावर पोलाद आपणहून घसरायला कमीत कमी ८ अंशांचा उतार लागतो आणि तेल लावले तरी ५-६ अंशांचा तरी लागतोच. त्यामुळे समजा तेल टेपरच्या आतपर्यंत झिरपले, तरी पाचर सुटत नाही. तेलाचा उपयोग आहे तो नटाच्या आट्यांवर. तारेच्या ब्रशने आटे साफ करून आदल्या रात्री तेल सोडले, तर नट सुखाने फिरतो.

दणक्यांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो अधिक धोक्याचा ठरतो. जुने मिस्त्री हातोडा मारतात हे खरे, पण जाणकार मिस्त्री स्टडच्या टोकावर मारत नाही. तो आर्मच्या छिद्राभोवतीच्या जाड भागावर, बाजूने मारतो. त्या घावाने छिद्राचा गोल आकार क्षणभर बदलतो आणि पाचरेची पकड मोडते. टोकावर मारलेला घाव मात्र आधी आट्यांवर पडतो, टोक छत्रीसारखे पसरते आणि मग नट परत चढत नाही. घावाचा उरलेला जोर आतल्या बॉलवर आणि त्याच्या प्लास्टिकच्या वाटीवर जातो. मी पाहिलेल्या एका गाडीत, काम ड्राइव्ह शाफ्टचे असताना, केवळ या कारणाने चांगला टाय रॉड एंड फेकावा लागला. बाजूने मारण्यालाही मर्यादा आहे. नकल ॲल्युमिनियमची असेल तर हातोडा अजिबात वापरू नये. ॲल्युमिनियमला गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि तो भाग चाकाची दिशा धरून ठेवणारा असतो.

बूट फाटण्याची तक्रार खरी आहे, पण ती एका विशिष्ट अवजाराची आहे. दोन दातांची पाचर, म्हणजे जो काटा बूट आणि आर्म यांच्यामध्ये ठोकून घुसवतात, तो बहुतेक वेळा रबर चिरतो. टाय रॉड एंड बदलायचाच असेल, तर त्याने काही बिघडत नाही. मात्र तो परत बसवायचा असेल तर काटा वापरू नये, कारण फाटक्या बुटातून पाणी आणि धूळ आत गेली की ग्रीस खराब होते आणि जॉइंटला चाळ येते. स्क्रूने दाब देणारा सेपरेटर ठोकायचा नसतो. त्याचा जबडा आर्मखाली सरकवायचा आणि स्क्रूने स्टड अक्षाच्या रेषेत ढकलायचा.

एक काम सविस्तर सांगतो. पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी आहे, डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा बूट बदलायचा आहे आणि टाय रॉड एंड शाबूत ठेवायचा आहे. मागच्या चाकांना ओट लावून, गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली आणि चाक काढले. स्टेअरिंग असे वळवले की आर्म बाहेर येऊन हाताला मोकळी जागा मिळेल. स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढली. आता नट सैल केला, पण काढला नाही. त्याचा चेहरा स्टडच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंतच तो फिरवला. हा नट दोन कामे करतो: स्क्रूच्या दाबाखाली आट्यांना आधार देतो आणि जोड सुटला की भाग उडू देत नाही.

जबड्याचे दोन्ही दात बूट आणि आर्म यांच्यामध्ये पूर्ण आत, रबराला न चिमटता बसले पाहिजेत. जबड्याचे तोंड स्टडपेक्षा फार रुंद असेल तर अवजार तिरके होते, म्हणून मापाचाच सेपरेटर घ्यावा. स्क्रूचे टोक स्टडच्या बरोबर मध्यावर ठेवावे आणि स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावावे. दोन बाहूंचा, कात्रीसारखा सेपरेटर असेल, तर दाब येताना त्याचे जबडे एकमेकांना समांतर राहतील असा बोल्ट आधी जुळवून घ्यावा. तसे केले नाही तर तो निसटतो. मग पान्याने, इम्पॅक्ट गन न वापरता, सावकाश आवळावे. अवजार कलताना दिसले तर तिथेच थांबावे, सैल करावे आणि नव्याने बसवावे.

बरेचदा इथेच फट्ट असा मोठा आवाज होतो आणि जोड सुटतो. नाही सुटला तर आणखी जोर लावण्यापेक्षा तो ताण तसाच ठेवून पाच-दहा मिनिटे थांबावे. नंतर लोखंडी नकल असल्यास आर्मवर बाजूने एक-दोन मध्यम घाव घालावेत. ताण आधीपासून असल्याने हलका धक्काही पुरतो. हे करताना चष्मा लावावा आणि तोंड अवजाराच्या रेषेत ठेवू नये. सुटल्यावर नट काढताना स्टड नटाबरोबर फिरू लागला, तर त्याच्या टोकाला षटकोनी खाच असल्यास ती चावीने धरावी. नसल्यास टाय रॉड एंडवर दाब देऊन टेपर पुन्हा छिद्रात रुतवावा, म्हणजे स्टड थांबतो.

टॉर्चबद्दल एवढेच सांगतो की परत वापरायच्या जॉइंटजवळ ज्योत नेऊच नये. बूट, आतली प्लास्टिकची वाटी आणि ग्रीस यांपैकी काहीही ती उष्णता सहन करत नाही. शेजारीच चाकाच्या बेअरिंगचे सील आणि एबीएसची वायरही असते. जॉइंट टाकून द्यायचा असला तरी नकल तीच राहणार आहे, हे ध्यानात ठेवावे.

बसवताना टेपर आणि छिद्र दोन्ही कोरड्या फडक्याने पुसावेत, तिथे ग्रीस लावू नये. नट गाडीच्या मॅन्युअलमधील टॉर्कनेच आवळावा. स्प्लिट पिनचे छिद्र नटाच्या खाचेशी जुळले नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळावा, मागे कधीही फिरवू नये. स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी, आणि नायलॉनच्या रिंगचा नट असेल तर तोही नवा घ्यावा. एंड रॉडवरून काढलेला नाही आणि चेक नटाला हात लावलेला नाही, म्हणून रॉडची लांबी बदलत नाही. केवळ हा जोड सोडवल्यामुळे टोचे, म्हणजे पुढची चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत याचे, अलाइनमेंट करावे लागत नाही. स्ट्रट आणि नकल यांचे बोल्टही सोडले असतील, तर मात्र कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, तपासून घ्यावा.