नवे सहीदार नेमा, पण बँकेला पत्ता लागू देऊ नका

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आपली खासगी मर्यादित कंपनी असेल, जुने संचालक पायउतार होऊन त्यांच्या जागी दोन नवे सहीदार नेमायचे असतील आणि हे काम बँकेच्या एकाच फेरीत उरकू नये अशी आपली मनापासून इच्छा असेल, तर आधी बँकेला पत्र लिहावे आणि संचालक मंडळाचा ठराव मागाहून, सवडीने करावा. पत्रावर ५ तारीख आणि ठरावावर १२ तारीख दिसली, की मंडळाने न दिलेला अधिकार आपण आठवडाभर आधी कसा कळवलात, हे विचारण्याची सोय शाखेतल्या अधिकाऱ्याला आयतीच मिळते.

ठरावात 'श्री. अ आणि श्रीमती ब यांना खाते चालवण्याचा अधिकार देण्यात येत आहे' एवढेच लिहून थांबावे. दोघांची सही लागेल की एकाची चालेल, किती रकमेपर्यंत चालेल, असले क्षुल्लक तपशील बँकेने ओळखून घ्यावेत. काही अरसिक माणसे मात्र असे लिहितात: 'असे ठरले की, कंपनीच्या चालू खात्यासंबंधीचा दिनांक अमुकचा ठराव या ठरावान्वये रद्द करण्यात येत असून, श्री. क यांचा सहीचा अधिकार आजपासून संपुष्टात येत आहे. यापुढे हे खाते २ लाख रुपयांपर्यंत श्री. अ किंवा श्रीमती ब यांपैकी कोणाही एकाच्या सहीने आणि त्यावरील रकमेसाठी दोघांच्या संयुक्त सहीने चालवले जाईल.' इतके लिहिल्यावर बँकेला विचारायला उरते काय? आणि पत्रासोबत नमुना सह्या व ओळखीची कागदपत्रेही जोडलीत, तर दुसऱ्या फेरीचे निमित्तच संपले.

ठरावाची प्रत खरी असल्याचे प्रमाणपत्र ज्याला अधिकार मिळाला त्यानेच स्वतःसाठी द्यावे. दुसऱ्या संचालकाची किंवा कंपनी सचिवाची सही घेतली, तर बँकेला शंका घ्यायला जागा राहत नाही.

सर्वांत मोलाचा सल्ला जुन्या चेकविषयी आहे. श्री. क यांनी जाण्यापूर्वी सातपूरच्या पुरवठादाराला पुढच्या तारखांचे चेक दिलेले असतात. ते वटवावेत असे चेक क्रमांकांनिशी पत्रात लिहू नये आणि पुरवठादाराकडून ते बदलूनही घेऊ नयेत. नोंदीतल्या सहीशी सही जुळत नाही म्हणून चेक परत गेला, तर तो आपला दोष नव्हे अशी समजूत बाळगावी. सहीच्या कारणाने परत गेलेल्या चेकलाही, चेक न वटणे हा गुन्हा ठरवणारे कलम १३८ लागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच म्हटले असले, तरी. पुरवठादाराची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भागवायची असते आणि त्यासाठी नवा चेक कोणाच्या सहीने काढायचा, हे आपल्या ठरावात लिहिलेलेच नसते.