काजळी जाळायला खेड शिवापूर

गेल्या रविवारी मी कोथरूडहून खेड शिवापूरला निघालो. तिथे काम काहीच नव्हतं. गाडीच्या पोटातली काजळी जाळायची होती.

गाडी डिझेल, बीएस-६. ऑफिस तीन किलोमीटरवर. धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते, ती काजळी अडवते. भरत आली की इंजिन जादा डिझेल सोडून तिला सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं गाडी पळत राहावी लागते. माझं ऑफिस त्याआधीच येतं. गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावायचा, तेव्हा मला वाटायचं पंखा बिघडला. प्रत्यक्षात मी दर वेळी अर्धं जळतं सरण विझवत होतो. शेवटी पिवळा दिवा लागला.

खालच्या मजल्यावरचे अण्णा “मोकळाच चाललायस ना?” म्हणत पुढच्या सीटवर बसले.

“सायलेन्सरची जाळी चोंदलीय,” मी म्हटलं.

“मग काढ आणि शेकोटीत टाक. आम्ही स्कूटरचा सायलेन्सर असाच भाजायचो. वर वांगीही भाजून व्हायची.”

“अण्णा, ही आतल्या आत भाजते.”

“मग वांगी कुठे ठेवायची?”

यावर काय बोलणार? शिवाय तत्त्वतः अण्णांचं बरोबर होतं, याचाच जास्त राग आला.

कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, चौथ्या गिअरमध्ये काटा दोन हजारांवर स्थिर ठेवला. तापलेल्या लोखंडाचा वास आला. जाळी पेटली! तेवढ्यात अण्णांना वडापावची गाडी दिसली. मी थांबलो, पण इंजिन चालू ठेवून पैसे द्यायला उतरलो. गाडी उभी असूनही इंजिन जरा चढ्या आवाजात फिरत होतं. अण्णांनी हात लांब करून किल्ली फिरवली. “उगाच डिझेल जळत होतं रे.”

तेच तर जळायला हवं होतं!

पुढचे चार दिवस पुन्हा तीन-तीन किलोमीटर. शुक्रवारी दिवा फडफडू लागला, शेजारी इंजिनाचा दिवाही आला आणि गाडी उड्डाणपुलावर बैलगाडीसारखी चढली. आता हायवेला पळवून भागणार नव्हतं. वर्कशॉपमध्ये मेकॅनिकने ऑइलची पट्टी काढून माझ्या नाकाशी धरली. पातळी वरच्या खुणेच्याही वर, आणि वास डिझेलचा. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळपोळीचं डिझेल ऑइलमध्ये झिरपलं होतं. पातळ ऑइलवर इंजिन झिजतं, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलले. मग लॅपटॉप जोडून गाडी उभ्या-उभ्या पाऊण तास गरजत ठेवली. राख मात्र जळत नाही, ती आत साठतच जाते. कधीतरी जाळी उतरवून साफ करावी लागेल किंवा बदलावी लागेल, असंही तो सहज सांगून गेला.

विकताना शोरूमवाल्याने सीट कव्हरचा रंग तीनदा विचारला होता. रोज किती किलोमीटर जाता, हे एकदाही नाही.

आज रविवार. खाली अण्णा पिशवी घेऊन उभे आहेत. पिशवीत वांगी आहेत.